‘गेले’, ‘वारले’, ‘निधन झाले’ की ‘मृत्यू झाला’: वाईट बातमी सांगताना कोणता शब्द?

मरणाची बातमी सांगायची वेळ येते तेव्हा हातात फोन असतो, समोरचा ‘हॅलो’ म्हणून गप्प झालेला असतो आणि शब्द निवडायला दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात बहुतेकांच्या तोंडून ‘गेले’ निघतं. अनेकदा ते बरोबरही असतं. पण हाच शब्द सगळ्यात जास्त घोटाळेही करतो.

मऊ शब्द चांगला की रोखठोक, या वादात फारसा अर्थ नाही. शब्द कितीही मऊ असू दे, त्यातून दुसरा अर्थ निघू नये, एवढं पाहायचं. तपासायची रीत सोपी आहे: तोच शब्द, त्याच वाक्यात, जिवंत माणसाबद्दल वापरता येतो का? ‘काका गेले’ हे दारातून बाहेर पडलेल्या काकांबद्दलही म्हणता येतं. ‘काका वारले’ तसं म्हणता येत नाही.

‘गेले’ आणि ‘वारले’

एक प्रसंग घेऊ. वडील आठ दिवस दवाखान्यात आहेत. कालच त्यांना दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं की नाही यावर घरात बोलणं झालं आहे. पहाटे पावणेसहाला बहीण दुसऱ्या गावी असलेल्या भावाला फोन लावते आणि म्हणते, “दादा, बाबा गेले रे.” भाऊ झोपेतून उठलेला. तो विचारतो, “एवढ्या पहाटे? अँब्युलन्सनं नेलं का? सोबत कोण आहे?” आता बहिणीला तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागते, तीही रडत. मऊ शब्दानं जे ओझं हलकं व्हायला हवं होतं ते दुप्पट झालं.

इथे चूक ‘गेले’ची एकट्याची नाही. तीन गोष्टी जुळून आल्या: बाबांना कुठेतरी नेण्याचा विषय आधीच डोक्यात होता, ऐकणारा पूर्ण जागा नव्हता आणि त्याला बहिणीचा चेहरा दिसत नव्हता. समोरासमोर, शेजारच्या खोलीतून बाहेर येऊन कुणी ‘गेले’ म्हटलं तर एकालाही शंका येत नाही, कारण उरलेला अर्थ चेहरा सांगतो. म्हणून समोरासमोर ‘गेले’ चालतं. फोनवर ते धोक्याचं.

त्याच बहिणीनं “दादा, वाईट बातमी आहे. बाबा पहाटे पाचला वारले,” असं म्हटलं असतं तर? ‘वारले’ हा शब्दही मऊच आहे. त्यात ‘मेले’चा फटका नाही, वडीलधाऱ्यांबद्दलचा आदर आहे, शिवाय तो घरगुती आहे. आणि अर्थ मात्र एकच. वेळ सांगितल्यानंही फरक पडतो. ‘पहाटे पाचला’ म्हटलं की गोष्ट घडून गेली आहे, आता धावपळ करून काही वाचणार नाही, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. मोठ्या माणसाला फोनवर सांगायचं असेल तर आमची पसंती सरळ ‘वारले’ला.

त्याच्या मर्यादा दोन. इंग्रजी माध्यमात वाढलेल्या लहानग्यांना तो शब्द ठाऊक नसतो. आणि लाइन खराब असेल तर ‘वारले’चं ‘हरले’ किंवा ‘मारले’ही ऐकू येऊ शकतं. पलीकडून “काय?” आलं तर तेच वाक्य मोठ्यानं न म्हणता बदलून म्हणावं: “बाबांचा मृत्यू झाला.”

जाता जाता एक गंमत. ‘गेले’ला मरणाचा रंग इतका चढला आहे की निरोप घेताना जिवंत माणूसच ‘जातो’ म्हणायचं टाळतो. घराबाहेर पडणारा ‘येतो हं’ म्हणतो, आणि चुकून ‘जाते’ म्हणणाऱ्या पोरीला ‘येते म्हणावं’ असं लगेच सुनावलं जातं. झाकण म्हणून वापरलेल्या शब्दाला आतल्या वस्तूचा वास लागतो, मग त्या झाकणावर आणखी एक झाकण लागतं.

‘निधन’ आणि ‘मृत्यू’

लिहिताना खरी निवड या दोघांत असते. दोन्हींचा अर्थ स्पष्ट आहे, पण वजन वेगळं. ‘निधन’ माणसाचा मान राखतं. म्हणून बातमीत नेत्याचं, कलावंताचं, शिक्षकाचं निधन होतं आणि फरार गुन्हेगाराचा मृत्यू होतो. ऑफिसात रजा मागताना, सोसायटीच्या फलकावर, ओळखीच्या गटात संदेश टाकताना ‘निधन’ बरोबर बसतं. सख्ख्या भावाला फोनवर “बाबांचं निधन झालं” म्हटलं तर मात्र परक्यानं सूचना वाचून दाखवल्यासारखं वाटतं.

‘निधन’ची अडचण कारणापाशी येते. आजारपण आणि वार्धक्य त्याला मानवतं: ‘हृदयविकाराने निधन’, ‘अल्पशा आजाराने निधन’. पण ‘विहिरीत बुडून निधन’ किंवा ‘शॉक लागून निधन’ कानाला खटकतं, म्हणून लिहिणारा नकळत कारणच गाळतो. अपघातानंतर “आमच्या सहकाऱ्याचे दुःखद निधन झाले” एवढाच संदेश फिरला की पुढचे दोन तास लोक कारण विचारत बसतात, आणि न सांगितलेल्या जागी अफवा शिरतात. घरच्यांची कारण सांगायला हरकत नसेल तर अशा वेळी ‘अपघाती मृत्यू’ हेच लिहावं. घरच्यांना ते नको असेल तर ‘निधन’ लिहावं आणि तिथेच थांबावं. ‘अल्पशा आजाराने’ हे नुसतं रिकामी जागा भरण्यासाठी कधीच लिहू नये. मऊ बोलणं आणि खोटं बोलणं यांच्यातली रेघ इथे ओलांडली जाते.

अर्ज, विमा, बँक, वारसाची कागदपत्रं यांत एकच शब्द: मृत्यू. ‘स्वर्गवासी झाल्याची तारीख’ लिहून कुणाचा मान वाढत नाही, टेबलापलीकडच्या माणसाचा गोंधळ तेवढा वाढतो.

‘देवाज्ञा झाली’, ‘कैलासवासी’, ‘वैकुंठवासी’, ‘ख्रिस्तवासी’, ‘पैगंबरवासी’ हे शब्द स्पष्ट आहेत, पण ते नुसती बातमी देत नाहीत. गेलेला माणूस कुठे पोचला तेही ठरवून टाकतात. घरच्यांनी स्वतः वापरला असेल तोच शब्द उचलावा, एवढं पुरे. माहीत नसेल तर नावाआधी ‘दिवंगत’ लावावं. त्यातही मूळ अर्थ स्वर्गाला गेलेला असाच आहे, पण वापरून वापरून तो इतका झिजला आहे की सहसा कुणी हरकत घेत नाही.

‘आपल्यात नाहीत’ बद्दल एक इशारा. भाषणात ते शोभतं, कारण ऐकणाऱ्यांना बातमी आधीच ठाऊक असते. व्हॉट्सॲपच्या गटात “कुलकर्णी सर आता आपल्यात नाहीत” अशी पहिलीच ओळ आली, की सरांनी गट सोडला असं समजून कुणीतरी “का बरं?” असं टाकतंच.

लहान मुलाला सांगताना

इथे मात्र मऊ शब्दांचं पारडं फारच हलकं पडतं, आणि तरी बहुतेक घरांत नेमके तेच वापरले जातात. मरण म्हणजे काय हे मुलाला कळायला चार गोष्टी उमगाव्या लागतात: मेलेलं परत येत नाही, शरीराची सगळी कामं थांबतात, ते प्रत्येकाच्या वाट्याला येतं आणि त्यामागे काही कारण असतं. साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलांना हे जमू लागतं. त्याआधीचं मूल शब्द अक्षरशः घेतं, आणि प्रत्येक मऊ शब्द या चारपैकी एक तरी गोष्ट मोडतो.

‘आजोबा झोपले’ म्हटलं की शरीर चालूच आहे असं मुलाला वाटतं. मग ते रात्री डोळे मिटायला घाबरतं, किंवा आई दुपारी आडवी झाली की तिला हलवून उठवतं. ‘गावाला गेलेत’ म्हटलं की परत येण्याची वाट पाहणं सुरू होतं, आणि पुढे आपल्याला न सांगता गेले याचा रागही. ‘देवानं नेलं’ मोठ्यांना धीर देतं; मूल विचारतं, मला कधी नेणार? ‘आजारी होते म्हणून’ हे खरं असलं तरी अर्धंच आहे. चार दिवसांनी बाबांना सर्दी झाली की त्याचा परिणाम दिसतो.

मग ‘आजोबा मेले’ म्हणायचं का? मराठीत अडचण अशी की ‘मेला’ ही शिवीही आहे, आणि आजीसमोर ते तोंडातून निघत नाही. यावर ‘मरण पावले’ हा चांगला मधला मार्ग आहे. त्यात आदर आहे आणि मुलानं ऐकलेला ‘मर’ हा धातूही. मुंगी मेली, झाड मेलं, हे तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. तेव्हा शब्द आणि त्याचा अर्थ लागोपाठ सांगावा, साधारण असा:

“आजोबा मरण पावले. त्यांचं हृदय खूप खूप आजारी होतं आणि ते थांबलं. आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही. ते परत येणार नाहीत. तुला सर्दी होते ना, तसलं हे आजारपण नव्हतं.”

मूल पाच मिनिटांनी खेळायला लागेल आणि तासाभरानं “आजोबा जेवायला कधी येणार?” असं विचारेल. शब्द चुकला असा त्याचा अर्थ नाही. तेच उत्तर त्याच शब्दांत द्यावं. दुसऱ्या वेळी कंटाळून ‘येतील हं’ म्हटलं की पहिलं सगळं पुसलं जातं. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द धरणं इथे फार महत्त्वाचं. आईचं ‘मरण पावले’ आणि मावशीचं ‘तारा झाले’ एकाच दिवशी कानावर पडलं, तर मूल मावशीचंच खरं धरतं.

‘सिरियस आहेत, लगेच नीघ’

हा मऊ शब्द नाहीच, पण त्याच वेशात वावरतो. माणूस वारलेला असतो आणि दूरच्या मुलाला ‘सिरियस’ सांगून बोलावलं जातं. हेतू चांगला असतो: तो एकटा गाडी चालवत येणार आहे, वाटेत काही होऊ नये. पण आशा लागली की माणूस गाडी हळू चालवत नाही, उलट अजून वेळ आहे म्हणून दामटतो. शिवाय तो वाटेत असतानाच गटात कुणीतरी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकतं, आणि बातमी टोलनाक्यावर, मोबाइलच्या पडद्यावर कळते. ज्यांनी फोन केला त्यांच्यावरचा विश्वास त्याच क्षणी उडतो.

कॅन्सरतज्ज्ञ रॉबर्ट बकमन आणि सहकाऱ्यांनी २००० साली रुग्णाला वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची पद्धत मांडली. तिच्यातला एक भाग इथेही उपयोगी पडतो: बातमीआधी इशारा द्यायचा, क्षणभर थांबायचं, मग साध्या शब्दांत सांगायचं. फोनवर ते असं होतं. आधी “कुठे आहेस? गाडी चालवतोयस का?” चालवत असेल तर “बाजूला घे, मग मला फोन लाव.” मग “सोबत कोण आहे?” मग “वाईट बातमी आहे.” इथे दोन सेकंद काहीच बोलायचं नाही. मग “बाबा पहाटे पाचला वारले.” यानंतरची शांतता भरायला जाऊ नये, ‘त्यांची सुटका झाली’ हे तर त्या फोनवर नकोच. शेवटी प्रवासाचं: “एकटा निघू नकोस. मी तुझ्या मित्राला फोन करते, तो गाडी चालवेल. तू येईपर्यंत आम्ही थांबतो.” हे शेवटचं वाक्य विसरू नये, कारण घाईनं गाडी काढायला लावते ती मुख्यतः शेवटचं दर्शन हुकेल ही भीती.