आयेल्ट्स स्पीकिंगचा सराव आणि मराठीतून मिळणारा अभिप्राय: काही महिन्यांचा अनुभव

मी सांगलीत नर्स आहे. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाला ६.५ चालतात, पण स्पीकिंगला ७ लागतात. मला पहिल्या खेपेला स्पीकिंगमध्ये ६ मिळाले, म्हणून तेवढ्याच भागासाठी मी एक ऑनलाइन सराव-वर्ग लावला. आपण उत्तर रेकॉर्ड करून पाठवायचं. मॅडम ते ऐकतात, आपण जसं बोललो तसं उतरवून घेतात, जिथे थांबलो तिथे तिरकी रेघ मारतात आणि सोबत मराठीतून बोलून पाठवतात. या वर्गाचा खरा कस दिसला तो स्पीकिंग परीक्षेच्या दुसऱ्या भागात. तिथे हातात विषयाचं कार्ड मिळतं, तयारीला एक मिनिट असतं आणि मग एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं असतं.

कार्ड होतं घरात जपलेल्या जुन्या वस्तूचं. माझं वाक्य उतरून आलं ते असं: ‘वी हॅव अ / माय ग्रँडमदर्स / गिव्हन / ब्रास व्हेसल’. मधला एक थांबा तर चांगला तीन सेकंदांचा होता. याआधीच्या क्लासमध्ये अशा उत्तरावर ‘फ्लुएन्सी सुधारा’ एवढाच शेरा यायचा. मॅडमनी मात्र सांगितलं, ‘तुम्ही शब्दासाठी अडलेल्या नाहीत, ब्रास व्हेसल तुम्हाला येतंच. मनात “आजीनं मला दिलेलं पितळेचं पातेलं” तयार होतं. मराठीत पातेल्याबद्दलचं सगळं आधी येतं आणि पातेलं शेवटी. इंग्रजीत आधी पातेलं ठेवायचं, मग त्याची माहिती. तुम्ही उलट्या टोकानं शिरलात, म्हणून वाक्याच्या पोटात थांबलात.’

मग त्यांनी तेच उत्तर तुकड्यांनी बोलायला लावलं: ‘वी हॅव अ ब्रास व्हेसल ॲट होम / माय ग्रँडमदर गेव्ह इट टू मी / व्हेन आय गॉट माय फर्स्ट जॉब’. थांबे आताही आहेत, पण ते एक कल्पना संपून दुसरी सुरू होते तिथे पडतात, आणि ऐकणाऱ्याला ते खटकत नाहीत. आयेल्ट्सचे बँडनिहाय, म्हणजे प्रत्येक गुणाचे वेगळे, निकष सर्वांसाठी खुले आहेत, ते आता वाचले की नीट कळतात. ६ बँडला अडखळण्यामुळे आणि स्वतःला दुरुस्त करत राहण्यामुळे बोलण्याचा धागा मधूनमधून सुटतो. ७ लाही माणूस अडखळतो, वाक्याच्या मध्येसुद्धा, पण धागा टिकतो. म्हणजे न थांबता भराभर बोलायची गरजच नाही. माझ्यासोबतच्या कितीतरी मुली या गैरसमजापायी धापा टाकत बोलतात आणि शब्दांचे शेवट गिळतात.

वर्गातला दुसरा उपयोगी सराव म्हणजे चार-तीन-दोन. एकच विषय आधी चार मिनिटं बोलायचा, मग तोच तीन मिनिटांत आणि मग दोन मिनिटांत. ही पद्धत कीथ मॉरिस यांनी १९८३ मध्ये मांडली होती. तिसऱ्या फेरीत काय सांगायचं याचा विचार उरत नाही, सगळं लक्ष वाक्य जुळवण्यावर राहतं. तिन्ही फेऱ्यांच्या रेघा शेजारी ठेवल्या की आपल्या थांब्यांची जात कळते. पहिल्या फेरीतला थांबा तिसऱ्या फेरीत गेला तर तो विचारासाठी होता. तिथेच राहिला तर तिथली वाक्यरचना कच्ची आहे. ‘इफ आय हॅड’ने सुरू होणारं वाक्य आलं की माझा थांबा तिसऱ्या फेरीतही राहायचा, म्हणून मॅडमनी त्या रचनेचा वेगळा सराव दिला.

तयारीच्या मिनिटात मी आता वाक्यं लिहीत नाही, बोलण्याच्या क्रमाने नुसती नामं आणि क्रियापदं लिहिते. वाक्य लिहिलं की ते वाचल्यासारखं बाहेर पडतं आणि कागद संपला की मोठी शांतता होते.

दुसऱ्या खेपेला स्पीकिंगमध्ये ७ मिळाले, तरी या वर्गाच्या मर्यादा सांगायलाच हव्यात. अभिप्राय यायला दोन दिवस लागतात, तोवर ते उत्तर डोक्यातून गेलेलं असतं. तिसऱ्या भागाला हा वर्ग पुरत नाही. तिथे परीक्षक चार-पाच मिनिटं उलटसुलट विचारतात, मध्येच तोडतात, आणि रेकॉर्डिंगला कुणी तोडत नाही. त्यासाठी मी वॉर्डातल्या एका सहकारी सिस्टरला समोर बसवून ‘का?’ आणि ‘पूर्वी असं होतं का?’ एवढंच इंग्रजीत विचारत राहायला सांगते. उच्चारांवरही मॅडम फारसं बोलत नाहीत, आणि उच्चारांना गुणांचा चौथा हिस्सा असतो. ज्यांचं ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ एकसारखंच ऐकू येतं, त्यांनी त्यासाठी वेगळं कुणीतरी गाठावं.