डीएनए की बोटांचा ठसा: दोन्ही अहवाल हातात असताना भर कशावर द्यावा

खटल्यात डीएनएचा अहवाल आहे आणि बोटांच्या ठशांचाही आहे. युक्तिवाद कशाभोवती उभा करायचा, असं कुणी विचारलं की बहुतेक नवे वकील डीएनए म्हणतात. सत्र न्यायालयात बरीच वर्षं दोन्ही बाजूंनी उभं राहिल्यावर माझा कल ठशाकडे झाला आहे. अर्थात प्रकरण कसलं आहे, यावर बरंच अवलंबून आहे.

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात डीएनएला पर्याय नाही. स्वॅबवर वीर्य सापडलं आणि ते आरोपीचं निघालं, तर 'ते तिथे आलं कसं' याला फारशी उत्तरं उरत नाहीत. त्या वीर्याचा डीएनए जुळला नाही, तर ते आरोपीचं नाही हेही तितक्याच ठामपणे सांगता येतं.

अडचण सुरू होते ती त्वचेच्या पेशींपाशी. आजच्या किटना शे-दीडशे पेशींतला डीएनए पुरतो, आणि एवढ्या पेशी माणूस न जाताही पोहोचतात. कॅलिफोर्नियात २०१२ साली एका उद्योजकाचा त्याच्या घरात खून झाला. त्याच्या नखांतला डीएनए जुळला सान होजेमधल्या एका बेघर माणसाशी. पण खुनाच्या रात्री तो माणूस दारूच्या अतिसेवनामुळे रुग्णालयात दाखल होता, तशी नोंदच होती. त्याला रुग्णालयात नेणारे रुग्णवाहिकेचे कर्मचारीच काही तासांनी खून झालेल्या घरी गेले होते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरून पेशी गेल्या असाव्यात, असा अंदाज निघाला. प्रयोगशाळेचं उत्तर बरोबर होतं, डीएनए त्याचाच होता. तरीही तो पाच महिन्यांहून जास्त काळ तुरुंगात राहिला.

तरी माझं मत फिरवलं ते वेगळ्याच गोष्टीने. आपल्याकडे डीएनएचा अहवाल बऱ्याचदा एका ओळीवर संपतो: 'नमुना क्रमांक अमुकचा प्रोफाइल आरोपीच्या रक्ताशी जुळतो.' डीएनएवरच्या कोणत्या ठरावीक स्थानावर कोणते आकडे आले, आलेख कसा दिसला, मिश्रण होतं का, यातलं काही जोडलेलं नसतं. खरं तर या आकड्यांचा तक्ता हातात आला तर साधा वकीलही एक गोष्ट पाहू शकतो. प्रत्येक स्थानावर एका माणसाचे जास्तीत जास्त दोन आकडे असतात. दोन-चार ओळींत १२, १३, १५ असे तीन-तीन आकडे दिसले, तर नमुन्यात एकाहून जास्त माणसं आहेत, आणि 'जुळतो' या शब्दाचं वजन तिथेच कमी होतं. पण तक्त्यासाठी अर्ज करा, तारीख घ्या, पुन्हा अर्ज करा. तज्ज्ञ साक्षीला आला तर तोही अहवालच वाचून दाखवतो. दिल्लीतल्या छावला बलात्कार-खून प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने नेमकं यावरच बोट ठेवलं: डीएनएच्या निष्कर्षामागचा आधार खालच्या न्यायालयांनी तपासलाच नव्हता, शिवाय नमुने काही दिवस पोलिसांच्या मालखान्यात पडून होते.

ठशाचं काम उघड्यावर चालतं. एका घरफोडीच्या खटल्यात बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्टीवर, आतल्या बाजूने, चार बोटांचे ठसे होते. तज्ज्ञाने चान्स प्रिंट, म्हणजे घटनास्थळी मिळालेला ठसा, आणि आरोपीचा ठसा यांचे मोठे केलेले फोटो शेजारी शेजारी लावले. रेषा कुठे फुटते, कुठे संपते, तिथे लाल आकडे टाकले. न्यायाधीशांनी भिंग घेऊन स्वतः पाहिलं. मी बचावाला होतो आणि एकेक खूण धरून उलटतपासणी घेऊ शकलो. बोटं खाली वळलेली होती, म्हणजे कुणीतरी बाहेरून पट्टी धरून काढली होती. ठसा कुणाचा याबरोबर हात काय करत होता, हेही त्या काचेवर होतं. एवढं डीएनएने मला क्वचितच दिलं.

ठशालाही मर्यादा आहेत. त्याला तारीख नसते. आरोपीची त्या घरात ये-जा असेल तर दाराच्या कडीवरचा ठसा जवळपास निरुपयोगी. उचलून नेता येईल अशा वस्तूवरचा ठसाही मी जपूनच धरतो, वस्तू सील केव्हा झाली हे पाहिल्याशिवाय नाही. आणि तज्ज्ञाचा डोळा चुकतो. माद्रिदच्या २००४ च्या स्फोटांनंतर एका पिशवीवरचा अर्धवट ठसा एफबीआयने अमेरिकेतल्या एका वकिलाचा ठरवला होता, स्पॅनिश पोलिसांना तो दुसऱ्याच माणसाचा आढळला.

म्हणून ठसा हलवता न येणाऱ्या जागी असेल, आरोपीला तिथे जायचं दुसरं कारण नसेल आणि फोटो स्पष्ट असतील, तर मी युक्तिवाद त्यावर उभा करीन आणि डीएनए जोडीला ठेवीन. डीएनएवरच उभं राहायचं असेल, तर पंचनाम्यातला सीलचा क्रमांक, मालखान्याची नोंद आणि प्रयोगशाळेची पावती या तिन्ही तारखा आधी जुळवून बघा, आणि तक्ता व आलेख मागणारा अर्ज तज्ज्ञाच्या साक्षीच्या पुरेसा आधी द्या.