ग्राइंडरचा पॅक पुन्हा बांधताना: २५आर, ३०क्यू की ३५ई?

अठरा व्होल्टचा कॉर्डलेस ग्राइंडर वापरणाऱ्या फॅब्रिकेशनच्या कारागिराचा पॅक निकामी झाला की नवा पॅक घ्यावा की जुन्याच खोक्यात नवे सेल भरून घ्यावेत, हा प्रश्न उभा राहतो. दुसरा मार्ग निवडला, तर दुकानदार समोर तीन-चार प्रकारचे सेल ठेवतो आणि ग्राहकाची नजर बहुधा क्षमतेच्या आकड्यावर जाते. ३५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल २५०० च्या सेलपेक्षा सरस वाटणे स्वाभाविक आहे. ग्राइंडरच्या बाबतीत मात्र आधी पाहायचा आकडा दुसरा आहे: सेलमधून सलग किती प्रवाह घेण्याची निर्मात्याने मुभा दिली आहे. त्या आकड्यावर निवड केली, तर २५आर, ३०क्यू आणि ३५ई या तिघांतला सर्वांत कमी क्षमतेचा सेलच, म्हणजे २५आर, ग्राइंडरसाठी योग्य ठरतो, असे माझे मत आहे.

तुलनेसाठी सॅमसंगचे हे तीन १८६५० आकाराचे सेल घेऊ, आणि त्यांच्या जोडीला २१७०० आकाराचा ४०टी. पॅकची रचना नेहमीची धरू, म्हणजे पाच जोड्या एकापुढे एक आणि प्रत्येक जोडीत दोन सेल समांतर; ४०टीचा पॅक मात्र पाच सेलच्या एकेरी रांगेचा. १०० मिलिमीटरच्या चकतीने लोखंडी अँगल कापताना असा ग्राइंडर बॅटरीतून ३० अँपिअर ओढतो, असे गृहीत धरू. रिकामा फिरताना तो याच्या काही अंश प्रवाह घेतो आणि चकती अडकली की क्षणभर याहून बराच जास्त, पण सलग काम म्हणून ३० हा आकडा हिशेबाला पुरेसा आहे.

| सेल | क्षमता (मिलिअँपिअर-तास) | सलग प्रवाहाची मर्यादा | ३० अँपिअर कामात एका सेलचा वाटा |
|---|---|---|---|
| २५आर | २५०० | २० अँपिअर | १५ अँपिअर |
| ३०क्यू | ३००० | १५ अँपिअर | १५ अँपिअर |
| ३५ई | ३५०० | ८ अँपिअर | १५ अँपिअर |
| ४०टी, एकेरी रांग | ४००० | ३५ अँपिअर | ३० अँपिअर |

हे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. सलग प्रवाहाची मर्यादा ही दोराच्या ताणासारखी, अमुक ठिकाणी तुटेल अशी रेषा नाही. २५आरच्या माहितीपत्रकात २० अँपिअरच्या आकड्याबरोबर दोन अटी लिहिलेल्या आहेत: भोवतालचे तापमान २५ अंश सेल्सिअस, आणि त्या प्रवाहाने २५० वेळा उतरवल्यावर किमान ६० टक्के क्षमता शिल्लक. म्हणजे मर्यादेवर चालवलेला सेल निर्मात्याच्या हिशेबानेही २५० फेऱ्यांत ४० टक्क्यांपर्यंत क्षमता गमावू शकतो, आणि मर्यादेच्या आत राहण्याचा अर्थ सेलची झीज होत नाही असा नाही. सोनीच्या, म्हणजे आताच्या मुराताच्या, व्हीटीसी६ या सेलला तर दोन आकडे आहेत: एरवी १५ अँपिअर, आणि पृष्ठभाग ८० अंशांवर पोचताच प्रवाह तोडण्याची सोय असेल तर ३० अँपिअर. सेल तोच, पण उष्णतेची राखण आहे की नाही यावर आकडा दुप्पट होतो. या मर्यादेचा खरा आधार उष्णता आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

उष्णता सेलच्या अंतर्गत रोधामुळे होते आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २५आरचा रोध सुमारे २२ मिलिओम धरला, तर १५ अँपिअरला एका सेलमध्ये साधारण ५ वॉट, २० अँपिअरला जवळजवळ ९ वॉट आणि ३० अँपिअरला २० वॉट उष्णता निर्माण होते. सेलचे वजन सुमारे ४५ ग्रॅम असते आणि त्याचे तापमान एका अंशाने वाढवायला अंदाजे ४५ जूल लागतात. प्लास्टिकच्या खोक्यात दाटीने बसलेल्या सेलमधून उष्णता हळूच बाहेर पडते. ती मुळीच बाहेर पडली नाही असे क्षणभर मानले, तर ५ वॉटला मिनिटाला सहा-सात अंश चढतात आणि २० वॉटला पंचवीसहून अधिक. प्रत्यक्षात थोडी उष्णता निसटते आणि कारागीरही मध्येमध्ये थांबतो, त्यामुळे वाढ याहून कमी असते. तरीही समांतर जोडीऐवजी एकेरी रांगेचा हलका पॅक घेणाऱ्याने हे नीट लक्षात घ्यावे की प्रवाह दुप्पट झाला की प्रत्येक सेलवरची उष्णता चौपट होते.

आता ३५ई पाहू. त्याच्यात जास्त क्षमता बसवण्यासाठी तांब्याच्या आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर सक्रिय द्रव्याचा थर जाड दिलेला असतो. जाड थरातून लिथियमच्या आयनांना लांबचा प्रवास करावा लागतो, म्हणून रोध जास्त. तो ४० मिलिओमच्या आसपास धरला, तर १५ अँपिअरला ९ वॉट उष्णता होते आणि प्रत्येक सेलचे व्होल्टेज ०.६ ने खाली बसते. पाच सेलच्या रांगेत ही घट ३ व्होल्टची होते, तर २५आरमध्ये ती दीडच्या थोडी पुढे राहते. त्यामुळे ३५ईच्या पॅकमध्ये बरीच क्षमता शिल्लक असतानाच ग्राइंडरचे संरक्षण त्याला रिकामा समजून बंद करते. थोडे थांबले की व्होल्टेज वर येते, कारागीर पुन्हा बटण दाबतो, आणि आधीच तापलेल्या सेलवर पुन्हा तोच भार पडतो. ज्या क्षमतेसाठी जास्त पैसे मोजले, ती या कामात पूर्णपणे हाती येतच नाही.

मर्यादेबाहेर वापरलेल्या सेलचे आयुष्य कशाने घटते, हे थोडे विस्ताराने पाहण्यासारखे आहे. ग्रॅफाइटच्या ऋण इलेक्ट्रोडवर पहिल्या चार्जिंगपासूनच एक पातळ संरक्षक थर तयार झालेला असतो. तापमान चढले की हा थर वेगाने जाड होतो आणि प्रत्येक वेळी वापरण्याजोगे लिथियम थोडे खाऊन टाकतो. म्हणून क्षमता घटते आणि रोध वाढतो. दुसरीकडे, जोराच्या प्रवाहात धन इलेक्ट्रोडच्या निकेलयुक्त कणांची कड आणि गाभा यांत लिथियमचे प्रमाण एकसारखे राहत नाही. कण असमान फुगतात-आकसतात, त्यांना बारीक तडे जातात, आणि काही भागाचा विजेचा संपर्क तुटतो. शिवाय सेलच्या गुंडाळीचा गाभा पृष्ठभागापेक्षा जास्त तापतो, त्यामुळे आतला भाग आधी म्हातारा होतो आणि उरलेल्या भागावर प्रवाहाचा वाटा वाढतो. या सगळ्याचा शेवट एकाच ठिकाणी होतो: रोध वाढतो. रोध २२ वरून ३३ मिलिओमवर गेला की त्याच १५ अँपिअरला ५ ऐवजी साडेसात वॉट उष्णता होते, आणि ती उष्णता पुढची झीज आणखी लवकर घडवते.

इथेच २५आर आणि ३०क्यू यांच्यातला निर्णय ठरतो. कागदावर ३०क्यू नेमका मर्यादेवर बसतो आणि नव्या पॅकमध्ये त्याचे काम चांगलेच चालते. २५आर दहा मिनिटे सलग कापेल, तर हा बारा. पण समांतर जोडीतले दोन सेल कायम सारखे राहत नाहीत. समजा, एकाचा रोध दुसऱ्याच्या दीडपट झाला. मग ३० अँपिअरची वाटणी १५-१५ अशी न होता १२ आणि १८ अशी होते. चांगल्या सेलवर १८ अँपिअर पडतात, जे ३०क्यूच्या मर्यादेबाहेर आहेत आणि २५आरच्या मर्यादेत. म्हणजे ३०क्यूच्या जोडीत एक सेल थकला की दुसऱ्यालाही तो आपल्याबरोबर ओढतो, तर २५आरच्या जोडीला सावरण्यापुरती जागा उरते. दोन मिनिटांच्या जादा कामासाठी ही जागा सोडू नये.

विदर्भातल्या कारागिरांनी याहून थोडी अधिक जागा ठेवावी. माहितीपत्रकातला २० अँपिअरचा आकडा २५ अंशांचा आहे, आणि चंद्रपूर किंवा नागपूरला मे महिन्यात सावलीतही पारा ४४-४५ अंशांवर जातो. पॅक कामाला लागण्याआधीच वीस अंश वर असतो. २५आरसाठी डिस्चार्ज करताना पृष्ठभागाची कमाल मर्यादा ७५ अंश दिलेली आहे, आणि तापलेला सेल पुन्हा कामाला लावण्यापूर्वी ६० अंशांखाली व चार्जिंगला लावण्यापूर्वी ४५ अंशांखाली येऊ द्यावा, अशी शिफारस आहे. भर उन्हात उघड्या पत्र्यावर ठेवलेला पॅक ४५ अंशांखाली येणारच नाही. तो सावलीत, वाऱ्यावर ठेवावा लागतो.

४०टीची गोष्ट वेगळी आहे. पाच सेलच्या एकेरी रांगेत तो ३० अँपिअर मर्यादेत राहून देतो आणि पॅक हलका होतो. त्याचा रोध १३ मिलिओम धरला, तर प्रत्येक सेलमध्ये सुमारे १२ वॉट उष्णता होते. सेलचे वजन ६७ ग्रॅमच्या आसपास असल्याने ग्रॅममागे उष्णता २५आरच्या जोडीपेक्षा दीडपटीहून अधिक पडते. उंचीवर थोडे-थोडे कापण्यासाठी हा पॅक उत्तम आहे, पण बाकावर सलग काम असेल तर २५आरची जोडी जास्त टिकेल. शिवाय १८६५०च्या खोक्यात २१७०० सेल बसत नाहीत, त्यामुळे जुना पॅक पुन्हा बांधणाऱ्यासाठी हा पर्याय तसाही बंदच असतो.

पॅकवर मर्यादेबाहेरचा भार पडतो आहे की नाही, हे ओळखायला डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. पॅक आणि यंत्र यांच्यातल्या एका वायरभोवती तो धरून कापताना प्रवाह पाहावा आणि त्याला समांतर सेलच्या संख्येने भागावे. मीटर नसेल तर तीन खुणा आहेत: काम थांबल्यावर पॅकवर हात ठेवणे अवघड जाते, चार्जर बराच वेळ चार्जिंग सुरू न करता थंड होण्याची वाट पाहतो, आणि पॅक बंद पडल्यावर काही मिनिटांत पुन्हा चालू होतो. पॅक उघडणाऱ्या कुशल माणसाने विश्रांतीनंतर पाचही जोड्यांचे व्होल्टेज मोजावे. एक जोडी इतरांपेक्षा ०.१ व्होल्टहून अधिक खाली असेल, तर कमकुवत जोडी सापडली. तिला तसेच वापरत राहिले, तर तापत्या रांगेत ती २.५ व्होल्टखाली ढकलली जाते आणि मग नुकसान भरून निघत नाही.

खरेदीत फसगत होण्याची शक्यता मोठी आहे. ९००० मिलिअँपिअर-तास लिहिलेला १८६५० सेल अस्तित्वात असूच शकत नाही. बाजारातल्या बहुतेक चांगल्या सेलची क्षमता ३६०० च्या आसपास थांबते. "४० अँपिअर" छापलेले वेष्टनही पाहू नये, सेलचा मूळ क्रमांक पाहावा आणि त्या क्रमांकाचे माहितीपत्रक मागावे. वजन ४० ग्रॅमहून कमी भरले, तर तो सेल घेऊ नये. दहाही सेल एकाच खेपेचे असावेत, आणि ते निकेलच्या पट्टीला स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असावेत. थेट सोल्डर केल्यास सेलच्या टोकावरची उष्णता आत जाते आणि त्याची झीज पहिल्या दिवसापासून सुरू होते.

हाच पॅक फक्त ड्रिल-ड्रायव्हरसाठी असेल, तर निर्णय बदलतो. स्क्रू लावताना सरासरी प्रवाह १० अँपिअरच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक सेलवर पाच. तिथे मी ३०क्यू घेईन, आणि साइटवरच्या एलईडी दिव्यासाठी ३५ई. पण तोच पॅक उद्या ग्राइंडरला लागणार असेल, तर ग्राइंडरच्या मागणीप्रमाणेच निवडावा.