जीए की सीपीपीयू? तासगावच्या थॉमसनचं डिपिंग

थॉमसन द्राक्षाचा मणी दोन्ही संजीवकांनी फुगतो, पण वाट वेगळी. जीए म्हणजे जिबरेलिन. ते मुख्यतः पेशी लांबवतं, म्हणून मणी लांबट होतो. मणी ३-४ मिलिमीटरचा झाला की ४० पीपीएमच्या द्रावणात घड बुडवायचे, म्हणजे २५ लिटर पाण्याला १ ग्रॅम. पावडर आधी अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्या, थेट पाण्यात ती नीट विरघळत नाही. प्रमाण वाढलं की देठ जाड, कडक होतो आणि काढणीनंतर मणी झडतात.

सीपीपीयू सायटोकायनिनच्या कुळातलं, पेशींची संख्या वाढवणारं. २ पीपीएमसुद्धा पुरे. मणी गोलसर, साल जाड, पण साखर उशिरा भरते. निर्यातीच्या बागेत जीएसोबत थोडं चालेल. बेदाण्यासाठी मी टाळतो. जाड सालीचा मणी रॅकवर लवकर वाळत नाही.