काम आधी, वचन नंतर: इंग्लंडचा नियम आणि आपला कायदा

यवतमाळकडच्या एका शेतकऱ्याच्या कापसाच्या गंजीला आग लागली. मालक गावी नव्हता. शेजाऱ्यानं आपणहून ती विझवली. परतल्यावर मालक म्हणाला, "भाऊ, ५,००० देतो तुले." मग दिलेच नाहीत.

इंग्लंडच्या नियमानं शेजारी हरतो. वचन आलं तेव्हा काम होऊन गेलं होतं, म्हणजे वचनाच्या बदल्यात काहीच मिळालं नाही. ती नुसती कृतज्ञता. १९५१ च्या मॅकआर्डल खटल्यात घरदुरुस्तीचे पैसे याच कारणानं बुडाले. मालकाच्या विनंतीवरून काम झालं असतं आणि मोबदला दोघांनी गृहीत धरला असता, तर मात्र चित्र पालटलं असतं. त्या अपवादाचं मूळ १६१५ च्या लॅम्पली खटल्यात आहे.

आपल्या १८७२ च्या करार अधिनियमाखाली हाच शेजारी जिंकू शकतो. स्वेच्छेनं केलेल्या कामाच्या भरपाईचं वचन कलम २५(२) वाचवतं. ते तोंडीही चालतं, फक्त सिद्ध करता यायला हवं. काम मालकाच्या सांगण्यावरून झालं असेल तर प्रतिफलाची, म्हणजे वचनाच्या बदल्यात जे मिळतं त्याची, कलम २(घ) मधली व्याख्याच पुरते, कारण तीत आधी केलेली कृतीही बसते. पेपरात पोरं इथंच गोंधळतात आणि सरसकट २५ लिहितात. मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं वचन २५(३) मध्ये येतं. तिथं लेखी आणि सही हवीच.