छिद्र लगेच बंद करायचं की वजन वाढेपर्यंत थांबायचं

मुलगी सहा आठवड्यांची असताना लस द्यायला गेलो तेव्हा डॉक्टरांना मर्मर, म्हणजे ठोक्यांबरोबर येणारा जादा आवाज, ऐकू आला आणि इको केल्यावर कळलं की हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात छिद्र आहे, व्हीएसडी, 6 मिमी. मी पहिलं हेच विचारलं की मग जन्मल्यावर का नाही कळलं? कार्डिओलॉजिस्ट म्हणाले, सुरुवातीला फुफ्फुसांच्या नळ्या आवळलेल्या असतात म्हणून छिद्रातून फारसं रक्त जात नाही, काही आठवड्यांनी त्या सैल पडल्या की रक्त तिकडे धावायला लागतं. आणि आवाज मोठा म्हणजे छिद्र मोठं असंही नाही, पाण्याच्या पाइपाचं तोंड बोटाने दाबलं की कसा फवारा उडतो, तसं लहान छिद्रच जास्त आवाज करतं.

लहान छिद्र असेल, विशेषतः पडद्याच्या मांसल भागात, आणि बाळ नीट वाढत असेल तर तुम्हाला ठरवायचं काहीच नाही, इको करत राहा, बरीच आपोआप बुजतात. आमचं मात्र मोठ्यातलं, वर झडपांजवळ. म्हणजे पर्याय दोन, आत्ताच छाती उघडून छिद्रावर पॅच, किंवा औषधांवर थांबून बाळ 8-10 किलोचं झालं की जमलं तर मांडीतून नळी घालून छिद्र बुजवणारं डिव्हाइस. छाती उघडायची नाही हे ऐकून कोणालाही दुसरा बरा वाटेल, मलाही वाटला. पण या जागी डिव्हाइस झडपेला घासू शकतं, शिवाय हृदयाचे ठोके चालवणारी वायरिंग तिथूनच जाते. अर्थात ती भीती टाके घालतानाही असतेच.

माझा निर्णय झाला तो दूध पाजण्यावरून. एका वेळेला पाऊण तास, कपाळावर घामाचे थेंब, निम्मं पिऊन दमून झोपणार आणि तासाभरात भुकेने रडत उठणार, रात्रंदिवस हेच. झोपेतले श्वास पूर्ण मिनिट मोजायला सांगितले होते, ते साठच्या वर. लघवीचं औषध चालू, दुधात कॅलरी वाढवलेल्या, तरी जन्माला 2.8 किलो असलेली पोरगी चौथ्या महिन्यात 4.1 वर अडकली. डिव्हाइसला वजन हवं आणि छिद्र तेच वजन येऊ देत नाही, मग थांबायचं कशासाठी? त्यात इतकं मोठं छिद्र असेल तर वर्षाच्या पुढे थांबणं बरं नाही म्हणाले, फुफ्फुसांच्या नळ्या जाड होत जातात, एका टप्प्यानंतर छिद्र बंदही करता येत नाही.

तुमचं बाळ औषधांवर रोज 20-25 ग्रॅमने वाढत असेल आणि फुफ्फुसांचं प्रेशर ठीक असेल तर थांबणंही चुकीचं नाही, तुमचे डॉक्टर सांगतीलच. आम्ही साडेचार महिन्यांची असताना पॅच लावून घेतला. ऑपरेशनच्या दिवशीचे ते तास पुन्हा नकोत आणि छातीवर उभा व्रण आहे हे खरं. पण दहाव्या दिवशी तिने वीस मिनिटांत बाटली संपवली. पॅचच्या कडेला बारीक गळती दिसते अजून, ती बघायला सहा महिन्यांनी बोलावलंय.