छत्रीच्या गोष्टीचं पुस्तक आणि सहा चित्रं : पाच महिने वापरल्यानंतर

गणपतीच्या आधी सोलापूरच्या नवी पेठेतून एक पातळ पुस्तक आणलं होतं पोरीसाठी, साठ रुपयाचं. सोळा पानं, संवादातली एक गोष्ट, मागं चित्रांचे प्रश्न आणि शेवटच्या जाड पानावर कापून घ्यायची सहा चित्रकार्डं. पोरगी तेव्हा साडेचारची होती, आता पाच होतील. पुस्तकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण असली पुस्तकं बरीच मिळतात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू पडेल.

गोष्ट साधी आहे. बंडू आणि आजोबा छत्री घेऊन निघतात, वाटेत तुटलेली चप्पल शिवून घेतात, मग गाड्यावर केळी घेतात, मग धो धो पाऊस येतो आणि आजोबा म्हणतात "उघड रे छत्री", तर बंडू म्हणतो "छत्री? छत्री कुठाय?" दोघं भिजत परत जातात तर छत्री चप्पलवाल्या काकांकडे, आणि तिच्याखाली कुत्र्याचं पिल्लू बसलेलं. शेवटी घरी येऊन केळी खातात. पोरीला पिल्लू एवढं आवडलं की पहिले आठ दिवस आम्ही फक्त ते पान वाचलं, प्रश्नबिश्न काही नाही.

संवादाचं आधी सांगते कारण मला ते वापरल्यावरच कळलं. ह्यात "बंडूने छत्री भिंतीशी ठेवली" असं वाक्यच नाहीये कुठं. फक्त बंडू विचारतो, "आजोबा, छत्री इथं भिंतीला टेकवू?" आणि आजोबा म्हणतात, "टेकव, आणि ती चप्पल काढ." बास. पुढं छत्रीचं नावच नाही पाऊस येईपर्यंत. म्हणजे छत्री तिथं ठेवली आणि तिथंच विसरली ह्या दोन्ही गोष्टी पोरानं बोलण्यावरून ओळखायच्या. मोठ्यांना हे कळतं, चार वर्षाच्या पोराला "टेकवू?" हा नुसता प्रश्न वाटतो, झालेली गोष्ट नाही. मी सरळ एका आवाजात वाचायची तोपर्यंत तिला काही पत्ता लागला नाही. मग एकदा खरीच छत्री घेऊन वाचलं, त्या वाक्याला ती भिंतीला टेकवली आणि तशीच उठून स्वयंपाकघरात गेले, तर मागनं ओरडली, "आई छत्री राहिली की!" तेव्हा बसलं.

आता प्रश्न. प्रत्येक प्रश्नाखाली तीन छोटी चित्रं, पोरानं बोट ठेवायचं. कल्पना चांगली आहे, वाचता न येणारं पोरही उत्तर देऊ शकतं. पण पहिला महिना मला वाटत होतं की पोरगी हुशार आहे आणि नंतर कळलं की ती गोष्टीतून उत्तर देतच नव्हती. प्रश्न गोष्टीच्याच क्रमानं छापलेत, पहिल्या प्रश्नाचं उत्तर पहिलं चित्र, दुसऱ्याचं दुसरं, त्यामुळं तिचं बोट आपोआप पुढं पुढं सरकत होतं. शिवाय कार्डांच्या मागं बारीक आकडे छापलेत, कार्ड उजेडात धरलं की आकडा दिसतो, आणि एक ते दहा तिला येतातच. मला वाटायचं चित्र न्याहाळून बघतीये, ती आकडा बघत होती! मी कार्डांची झेरॉक्स काढून जुन्या मिठाईच्या बॉक्सच्या पुठ्ठ्यावर चिकटवली आणि प्रश्न उलटसुलट विचारायला लागले, त्या दिवशी पाचपैकी दोन बरोबर.

मग अजून एक गोष्ट करून बघितली. दिवाळीत माझा भाचा आला होता, सहाचा, त्यानं ही गोष्ट ऐकलेली नव्हती. त्याला नुसती कार्डं दिली आणि म्हणलं लाव बरं. त्यानं पाऊस, छत्री सापडली, घरी केळी खाल्ली हे शेवटचं सगळं बरोबर लावलं. कारण सोपं आहे, पाऊस पडल्यावरच भिजतात, आणि घरी पोचल्यावरच टॉवेल गुंडाळून बसतात, ते चित्रातच दिसतं. पण चप्पल आणि केळी त्यानं उलटी लावली, आधी केळी मग चप्पल. आणि त्याचं चुकलं तरी कुठं, ह्या दोन कामांचा एकमेकांशी काही संबंधच नाही, कुठलंही आधी झालं असतं. तिथं फक्त गोष्ट ऐकलेलं पोरच बरोबर सांगू शकतं. म्हणजे सहा कार्डांत ऐकणं खरं तपासणारी जागा ही एकच, बाकीचं पोरं डोक्यानं जुळवतात. ते जुळवणंही चांगलंच ए, पण "गोष्ट समजली का" त्यावरून कळत नाही. तुमच्याकडं असलं कुठलं पुस्तक असेल तर गोष्ट न ऐकलेल्या पोराला कार्डं देऊन बघा, लगेच कळेल कुठला प्रश्न कामाचा आहे.

आणि नेमकं त्याच जागी चित्रकारानं घोळ घातलाय. केळीच्या गाड्याच्या चित्रात आजोबांच्या काखेत छत्री काढलीये! गोष्टीप्रमाणं तेव्हा छत्री काकांकडे राहिलेली. पोरगी "छत्री कुठं राहिली?" ला सारखं केळीच्या गाड्यावर बोट ठेवायची, मी दोन-तीनदा "नाही गं, नीट आठव" केलं, थोडं रागावलेही, तर तिनं चित्रातली छत्री मला दाखवली, "ही बघ की." शांत बसले मी. ती चित्र बरोबर वाचत होती, चूक छापणाऱ्याची होती. शेवटी त्या छत्रीवर केळ्याचा स्टिकर चिकटवला. पोर तेच तेच चुकीचं उत्तर ठामपणे देत असेल तर आधी चित्र तपासा.

पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो "आधी" ह्या शब्दावर. "केळी घेतल्यावर काय झालं?" हे तिला पहिल्या आठवड्यापासून येतंय. "पाऊस यायच्या आधी त्यांनी काय घेतलं?" म्हणलं की पावसानंतरचं चित्र दाखवायची, प्रत्येक वेळी. मला वाटलं आधी-नंतर कळतच नाही हिला, पण तसं नव्हतं, "मी आधी, तू नंतर" हे पाळण्याच्या लायनीत बरोबर कळतं! मग डोक्यात आलं की आपण बोलतो कसं बघा ना. "केळी घेतल्यावर पाऊस आला" ह्यात जे आधी घडलं ते आधी कानावर पडतं. आणि "पाऊस यायच्या आधी केळी घेतली" ह्यात पाऊस आधी ऐकू येतो आणि केळी नंतर, घडलंय मात्र उलटं. लहान पोरं ऐकलं त्याच क्रमानं घडलं असं धरतात, "आधी" हा शब्द मध्ये येतो तोपर्यंत पाऊस डोक्यात पहिला बसलेला असतो. पुस्तकात पाचपैकी तीन प्रश्न "-च्या आधी" वाले आहेत आणि ते सगळ्यात पुढं टाकलेत, सोपं आधी अवघड नंतर असा विचार केलेला दिसत नाही.

मी काय केलं तर सुरुवातीला नुसतं "मग काय झालं?" एवढंच. मग "घेतल्यावर", "शिवल्यावर". नोव्हेंबरात कधीतरी "आधी" सुरू केलं, तेही कार्डं ओळीत मांडून. पावसाच्या कार्डावर तिचं बोट ठेवायचं, "इथं पाऊस आला. ह्याच्या आधी?" आणि बोट डावीकडं एक घर सरकवायचं. रोज दोन-तीन वेळा, जास्त नाही, कंटाळते. साधारण तीन आठवड्यानं बोट न सरकवता यायला लागलं, आणि कार्डं उचलून ठेवून नुसतं तोंडी विचारलं तर ते अजूनही कधी कधी चुकतं. असू दे.

एक प्रश्न तर मी काढूनच टाकला, "पाऊस यायच्या आधी काय झालं?" चित्रं तीन, घरातून निघाले, चप्पल शिवली, केळी घेतली. अहो तिन्ही पावसाच्या आधीचीच आहेत! उत्तराच्या पानावर फक्त केळी बरोबर. "अगदी आधी" म्हणायला काय झालं होतं.

आम्ही पूर्व भागात राहतो, शेजारी घरात तेलुगू बोलतात, त्यांचा मुलगा आमच्याकडेच असतो संध्याकाळी. मराठी कळतं त्याला पण वाक्य लांब झालं की हरवतो. त्याला चित्रांचा फायदा माझ्या पोरीपेक्षा जास्त झाला, बोलायला लाजतो पण कार्डं लावायला पुढं. त्याला सुरुवातीला तीनच कार्डं दिली, निघाले, पाऊस आला, घरी आले. ते जमल्यावर छत्री सापडली ते मध्ये घालायला दिलं, आणि चप्पल-केळी सगळ्यात शेवटी. सहा एकदम दिली होती तेव्हा त्यानं रंगावरून लावलेली, दोन निळी एकत्र. त्याची आजी कार्डं बघून त्याला तेलुगूत गोष्ट सांगते, छत्रीवाल्या जागेला दोघंही हसतात, त्यावरून कळतं की गोष्ट पोचलीये.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला नेलं दोघांना. परत आल्यावर पोरगी आजीला सांगत होती, "पाळण्यात बसायच्या आधी आम्ही कणीस खाल्लं." मी मुद्दाम विचारलं, आधी काय, पाळणा का कणीस? "कणीस, म्हणून तर पोटात गोल गोल झालं." हे पुस्तकामुळंच असं म्हणणार नाही, पाच महिन्यात पोरं तशीही वाढतात.

कागद बेकार आहे, पिना दुसऱ्या महिन्यात निघाल्या, दोऱ्यानं शिवलं. घ्यायचं तर साडेचारच्या पुढच्या पोरासाठी घ्या, तीनच्या पोराला गोष्ट वाचा फक्त, प्रश्न राहू द्या. साठ रुपयात मला जड नाही गेलं, पण जसं छापलंय तसं वापरलं असतं तर आठ दिवसात माळ्यावर गेलं असतं.

परवा घरी येऊन केळी खातात ते शेवटचं कार्ड हरवलं. सोफ्याखाली, गादीखाली सगळीकडं शोधलं. शेजारच्यानं उरलेली पाच ओळीत लावली, शेवटच्या रिकाम्या जागेकडं बघितलं आणि म्हणला, "काकू, ते अजून पिल्लापाशीच हायत."